स्वस्त कोटेशन महाग का पडतं? सिलिका सँडच्या तीन कोटेशनांचा पूर्ण हिशोब

या आठवड्याच्या व्हिडिओत मी फळ्यावर तीन कोटेशनं मांडली होती. वेळ कमी पडला आणि आकडे भराभर गेले, म्हणून तोच हिशोब इथे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कॅल्क्युलेटरही जवळ ठेवा.

प्रसंग शिरोली एमआयडीसीतला आहे. ओळखीची एक फाउंड्री, मालक आणि त्यांचा नुकताच धंद्यात आलेला मुलगा. पोरानं तीन कोटेशनं टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "सर, पहिलाच घ्यायचा ना? टनामागं साडेतीनशे रुपये वाचतात. महिन्याला शंभर टन सँड लागते, म्हणजे पस्तीस हजार सुटले."

मालक काही बोलले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मनातून वाटत होतं की यात काहीतरी गडबड आहे, पण ती कागदावर दाखवता येत नव्हती. बहुतेक ठिकाणी असंच होतं. जुन्या माणसाला अंदाज असतो, पण आकडा नसतो. नव्या माणसाकडे आकडा असतो, पण तो अर्धाच.

एक गोष्ट आधीच सांगतो. खालचे भाव मी हिशोब सोपा जावा म्हणून गोल केलेत, त्यांना आजचा बाजारभाव समजू नका. पद्धत मात्र खरी आहे. तुमचे आकडे घालून बघा.

तीन कागद, तीन भाषा

आपल्या भागातल्या फाउंड्रींना सिलिका सँड बऱ्यापैकी सिंधुदुर्गातून येते. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात तिच्या खाणी आहेत. तिथून फोंडा घाटानं राधानगरीमार्गे, नाहीतर वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्यामार्गे गाडी कोल्हापूरला येते. सँड तशी स्वस्त वस्तू आहे, पण वजनाला जड. म्हणून तिच्यात मालाची किंमत आणि गाडीचं भाडं जवळजवळ सारखंच बसतं. लँडेड कॉस्ट शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. लँडेड कॉस्ट म्हणजे माल तुमच्या गेटात येऊन वापरायला तयार होईपर्यंत पडलेली खरी किंमत.

आता कोटेशनं बघा.

पहिला, त्याला अ म्हणू. खाणीवरून धुतलेली ओली सँड, टनाला ८५० रुपये. जीएसटी ५ टक्के वेगळा. भाडं आपलं, टनाला ७५० रुपये. पैसे गाडी भरतानाच.

दुसरा ब. वाळवून, चाळून, पोत्यात भरलेली सँड, शिरोली पोच १,९५० रुपये टन. जीएसटी ५ टक्के वेगळा. उधारी ३० दिवस.

तिसरा क. कोल्हापुरातलाच व्यापारी, त्याच्या आवारात स्टॉक असतो. पोच १,७६० रुपये टन, आणि खाली ठळक लिहिलंय, "जीएसटी नाही". उधारी ४५ दिवस.

पोराचा हिशोब असा होता: अ म्हणजे ८५० अधिक ७५०, झाले १,६००. क १,७६०. ब १,९५०. म्हणून अ घ्यायचा.

यात बेरजेची चूक एकही नाही. चूक आहे ती एककाची. अ नं ओल्या सँडचा भाव दिलाय, तोही खाणीवरचा. ब नं वाळलेल्या सँडचा दिलाय, आपल्या गेटातला. क नं थोड्या ओल्या सँडचा, आणि त्याच्या भावात कर कुठे लपलाय ते दिसतच नाही. तिघांनी "एक टन" असंच लिहिलंय, पण तो टन तिघांचा वेगळा आहे. त्यामुळे गुण द्यायच्या आधी, भाव कमी करून मागायच्या आधी, पहिलं काम एकच: तिघांना एकाच मापात आणायचं. या फाउंड्रीत कोअर रेझीनवर होतात, म्हणजे सँड कोरडीच लागते. आपलं माप ठरलं: वापरायला तयार असलेला एक कोरडा टन, आपल्या गेटात, परत मिळणारा कर वजा जाता.

आधी कर बाजूला काढू

कराबाबत प्रश्न एकच विचारायचा: हा पैसा मला परत मिळतो का? मिळत असेल तर तो खर्च नाही. मिळत नसेल तर खर्च आहे. बाकी टक्केवारीत अडकू नका.

अ आणि ब दोघेही नेहमीच्या जीएसटीत आहेत. ते लावतील तो ५ टक्के कर आपल्याला इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतो, म्हणून तुलनेत तो धरायचाच नाही. एक अट आहे. त्यांनी रिटर्न भरलं पाहिजे आणि ते बिल तुमच्या GSTR-2B मध्ये दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर क्रेडिट नाही, आणि मग तेच ५ टक्के खर्चात येतात. शिवाय बिलाचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. लांबलचक उधारी बघून खूश होताना हे लक्षात ठेवा.

अ च्या भाड्याचं काय? ट्रान्सपोर्टवाला बिल्टी देतो आणि स्वतः कर लावत नाही, तेव्हा भाड्यावरचा ५ टक्के जीएसटी आपण भरायचा. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. हा कर क्रेडिटमधून भरता येत नाही, रोखच भरावा लागतो. पण भरल्यावर त्याचं क्रेडिट मिळतं. म्हणजे खर्च शून्य, फक्त पैसे थोडे दिवस अडकतात. ब च्या भावात पोच धरलेलीच आहे, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

आता क चं "जीएसटी नाही". पोराला हे ऐकून बरं वाटलं होतं. कर नाही म्हणजे पैसे वाचले, असं त्याला वाटलं. मी म्हटलं, बिल बघू. बिलावर वर छापलेलं होतं की हा व्यापारी कंपोझिशन योजनेत आहे आणि त्याला कर वसूल करता येत नाही. कंपोझिशनवाला तुमच्याकडून कर घेत नाही, पण त्यानं स्वतःच्या खरेदीवर भरलेला कर त्याला परत मिळत नाही. उलाढालीवरचा थोडा करही तो खिशातून भरतो. हे सगळं तो भावात घालतो, आणि तुम्हाला त्यातलं एक पैसाही क्रेडिट मिळत नाही. म्हणजे १,७६० हा पूर्णच्या पूर्ण खर्च.

किती फरक पडतो? समजा हाच व्यापारी नेहमीच्या जीएसटीत असता आणि "१,७६० सगळं धरून" म्हणाला असता. मग त्यातले सुमारे ८४ रुपये कराचे निघाले असते, आणि ते आपल्याला परत मिळाले असते. खाली बघाल, एवढ्या एका गोष्टीनं पहिला नंबर बदलतो. म्हणून कोटेशन मागतानाच विचारा: "नेहमीचं टॅक्स इन्व्हॉइस देणार की बिल ऑफ सप्लाय?"

तुम्ही स्वतःच कंपोझिशनमध्ये असाल तर मात्र चित्र उलटं. तुम्हाला कुणाचंच क्रेडिट नाही. मग अ आणि ब चा ५ टक्के कर, आणि भाड्यावरचा रिव्हर्स चार्जही, सगळा खर्चात धरा.

आणखी एक जुना समज काढून टाकतो. आपण सीमेवरचे लोक, निपाणी-बेळगावकडूनही कोटेशन येतात. काही जुने खरेदीवाले अजूनही परराज्यातल्या भावात मनातल्या मनात दोन टक्के मिळवतात. ती सवय सीएसटीच्या काळातली. तो कर परत मिळायचा नाही, म्हणून ते तेव्हा बरोबर होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून परराज्यातल्या बिलावर आयजीएसटी लागतो आणि त्याचं पूर्ण क्रेडिट मिळतं. त्यामुळे भावात मिळवायचं काही नाही. भाडं तेवढं धरा.

आता पाणी मोजू

सँडच्या कोटेशनमध्ये सगळ्यात मोठी लपलेली रक्कम म्हणजे पाणी. ओली सँड टनावर घेतली की आपण पाण्याची किंमत देतो, पाण्याचं भाडं देतो, आणि शेवटी तेच पाणी घालवायला जळणही आपणच जाळतो.

मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. गाडीच्या वरून, मधून आणि खालून थोडी थोडी सँड घ्या, नीट मिसळा. त्यातली बरोबर १०० ग्रॅम वजन करा. ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर तासभर ठेवा, थंड झाल्यावर परत वजन करा. पुन्हा थोडा वेळ ठेवून बघा, वजन आणखी कमी होत नसेल तर झालं. जितके ग्रॅम कमी भरले, तितके टक्के ओलावा. नुसता गाडीच्या वरचा नमुना घेऊ नका. वरची सँड वाऱ्यानं वाळलेली असते आणि पाणी खाली उतरलेलं असतं.

या फाउंड्रीत नमुने तपासले. अ मध्ये ओलावा ६ टक्के, क मध्ये ४, ब मध्ये अर्धा. शिवाय अ आणि क ची सँड चाळताना खडे-कचरा मिळून साधारण २ टक्के बाजूला पडत होतं.

आता २० टनाची एकेक गाडी घेऊ.

अ ची गाडी. माल १७,००० रुपये, भाडं १५,०००. डंपरनं येते, त्यामुळे हमाली नाही. वाळवायला जळण, वीज आणि माणूस मिळून टनाला २५० धरले, म्हणजे ५,०००. एकूण ३७,०००. हातात कोरडी सँड किती? २० टनांतून ६ टक्के पाणी गेलं, राहिली १८.८. त्यातून २ टक्के चाळणीत गेली, राहिली १८.४२. भागाकार करा: २,००८ रुपये टन.

ब ची गाडी. माल पोच ३९,०००. पोती उतरवायची हमाली टनाला ६०, म्हणजे १,२००. वाळवणं नाही. ३० दिवसांची उधारी आहे, आणि आपण बँकेच्या कॅश क्रेडिटवर वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का व्याज देतो असं धरलं, तर करासह ४०,९५० च्या बिलावर सुमारे ४१० रुपये वाचतात. ते वजा केले, राहिले ३९,७९०. कोरडी सँड १९.९ टन. २,००० रुपये टन.

क ची गाडी. माल पोच ३५,२००. सँड कमी ओली, म्हणून वाळवणं टनाला २०० प्रमाणे ४,०००. ४५ दिवसांची उधारी, म्हणजे दीड टक्का, ५२८ रुपये वाचले. राहिले ३८,६७२. कोरडी आणि चाळलेली सँड १८.८२ टन. २,०५५ रुपये टन.

कागदावर १,६००, १,७६० आणि १,९५०. गेटात २,००८, २,०५५ आणि २,०००. जो सगळ्यात महाग दिसत होता तोच सगळ्यात स्वस्त निघाला. आणि पस्तीस हजार वाचणार होते ना? अ घेतला असता तर महिन्याच्या शंभर कोरड्या टनांवर वाचणं सोडा, आठशे रुपये जास्तच गेले असते.

क नेहमीच्या जीएसटीत असता तर? गाडीमागे १,६७६ रुपये क्रेडिट, आणि भाव १,९६६ वर येऊन तो पहिला. मघाशी म्हणालो ते हेच.

एक्सेलमध्ये घालायचं असेल तर B1 मध्ये बिलाचे टन, B2 ते B5 मध्ये माल, भाडं, हमाली आणि वाळवणं, B6 मध्ये उधारीचं वाचलेलं व्याज, B7 मध्ये ओलावा आणि B8 मध्ये चाळणीची घट टाका. ओलावा आणि घट टक्क्यांत लिहा, म्हणजे 6% असं.

```
=(B2+B3+B4+B5-B6)/(B1*(1-B7)*(1-B8))
```

शेजारच्या C आणि D कॉलममध्ये बाकीचे दोघे.

मग गुण कशाला?

पोराचा पुढचा प्रश्न बरोबर होता. "सर, अ आणि ब मध्ये तर आठ रुपयांचाच फरक उरला. मग ठरवायचं कसं?"

इथेच वेटेड स्कोअरिंग कामाला येतं. भाव जवळजवळ सारखे निघाले की बाकीच्या गोष्टी निर्णय घेतात, आणि त्या आपण डोक्यात धरतो, कागदावर मांडत नाही. मांडायचं कसं, तर प्रत्येक मुद्द्याला त्याच्या महत्त्वाप्रमाणे वजन द्यायचं, सगळी मिळून शंभर करायची.

आम्ही चार मुद्दे घेतले. लँडेड कॉस्टला ४०, सँडचा दर्जा एकसारखा येण्याला ३०, पावसाळ्यात माल मिळण्याला २०, कागदपत्रांना १०.

दर्जाला ३० का? मालकांनीच सांगितलं. कोअरच्या सँडमध्ये माती किंवा बारीक पूड वाढली की ती रेझीन खाते. रेझीन टनाला १० किलोऐवजी १२ किलो लागायला लागलं, आणि रेझीन १५० रुपये किलो धरलं, तर टनामागं ३०० रुपये गेले. आपण वर आठ रुपयांवर भांडत होतो! आणि रेझीन वाढवलं नाही तर कोअर कच्चा राहतो, तुटतो. जास्त घातलं तर ओतकामात गॅस वाढून ब्लोहोल येतात. म्हणून ३०.

वजनं ठरवताना एक शिस्त पाळा: ती कोटेशन उघडायच्या आधी ठरवायची. आधी भाव बघितला की मन एकाकडे झुकतं, आणि मग वजनं नकळत त्याच्याच सोयीची बसतात. मागवायच्या दिवशीच कागदावर लिहा, तारीख घाला, सही करा.

गुण ५ पैकी द्यायचे, आणि प्रत्येक गुणाचा अर्थ आधी लिहून ठेवायचा. उदाहरणार्थ पावसाळ्याच्या पुरवठ्यात ५ म्हणजे कोल्हापुरात महिनाभराचा राखीव स्टॉक, ३ म्हणजे दोन वेगळ्या रस्त्यांनी माल आणण्याची लेखी तयारी, १ म्हणजे "बघू, पाठवतो की". अर्थ लिहिला नाही तर ज्याच्याशी चहा पितो त्याला चार आणि अनोळखी माणसाला दोन, असं होतं.

दर्जाचे गुण तीन वेगवेगळ्या दिवसांच्या नमुन्यांवरून दिले. कणांचा आकार चाळण्यांच्या संचावर बघतात, मातीचं प्रमाण धुऊन. हे करून देणाऱ्या टेस्टिंग लॅब कोल्हापुरात आहेत. एकाच चांगल्या नमुन्यावर जाऊ नका. व्हेंडर नमुन्याची पिशवी निवडूनच पाठवतो. तीन नमुने एकमेकांशी किती जुळतात, ते बघायचं.

असे गुण पडले:

| मुद्दा (वजन) | अ | ब | क |
|---|---|---|---|
| लँडेड कॉस्ट (४०) | ३९.८ | ४०.० | ३८.९ |
| दर्जा (३०) | ३/५ = १८ | ४/५ = २४ | २/५ = १२ |
| पावसाळा (२०) | २/५ = ८ | ३/५ = १२ | ४/५ = १६ |
| कागदपत्रं (१०) | ३/५ = ६ | ४/५ = ८ | ३/५ = ६ |
| एकूण | ७१.८ | ८४.० | ७२.९ |

भावाचे गुण असे काढले: सगळ्यात कमी भाव भागिले या व्हेंडरचा भाव, गुणिले ४०. अ साठी २,००० भागिले २,००८, गुणिले ४०, म्हणजे ३९.८.

इथे एक सापळा आहे. काही जण भावाचे गुण वेगळ्या रीतीनं देतात: सगळ्यात स्वस्ताला पूर्ण ४०, सगळ्यात महागाला शून्य, बाकीचे मध्ये. तसं केलं असतं तर क ला शून्य मिळालं असतं. टनामागं फक्त ५५ रुपयांसाठी ४० गुण गेले असते, आणि बाकी सगळे मुद्दे निरर्थक झाले असते. कुणी तुम्हाला तयार एक्सेल दिलं तर भावाचा कॉलम कसा काढलाय ते आधी बघा.

दुसरा सापळा म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजणं. पोरानं कागदपत्रांच्या रकान्यात क ला ४५ दिवसांच्या उधारीसाठी जास्त गुण द्यायला घेतले. मी थांबवलं. उधारीचे ५२८ रुपये आपण भावातून आधीच वजा केलेत. कंपोझिशनचा तोटाही भावात आलाय, ओलावाही आलाय. जे रुपयांत मोजता आलं ते रुपयांत जातं, गुणांत पुन्हा येत नाही. कागदपत्रांत फक्त एवढंच बघितलं: रिटर्न वेळेवर का, काटा पावती प्रत्येक गाडीला का, टेस्ट रिपोर्ट सोबत का.

तिसरी गोष्ट. काही बाबींना गुण द्यायचेच नसतात, तिथे सरळ बाद करायचं. मातीचं प्रमाण तुमच्या कोअरला चालतं त्यापेक्षा जास्त असेल, तर तो व्हेंडर तक्त्यातच येणार नाही. नाहीतर उधारी आणि भाव यांच्या जोरावर खराब सँड पास होते. तसंच वाहतूक पास आणि रॉयल्टीची कागदपत्रं नसलेली गाडी. ती कितीही स्वस्त असली तरी गेटाबाहेर.

निकाल हलवून बघा

ब ला ८४, बाकी दोघे बहात्तर-त्र्याहत्तरच्या आसपास. झालं का काम? नाही. मी मालकांना विचारलं, "जुलैमध्ये काय होतं?"

ते हसले. पावसात खाणीचं काम मंदावतं, घाटात दरड येते. करूळ घाट तर २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी बंदच होता, गाड्या फिरवून आणाव्या लागल्या. म्हणून आम्ही पावसाळ्यासाठी दोन गोष्टी बदलून बघितल्या.

आधी भाव. अ चा ओलावा ६ वरून १० टक्क्यांवर गेला आणि वाळवायला टनाला २५० ऐवजी ३५० लागले, तर त्याचा कोरडा टन २,००८ वरून २,२११ वर जातो. कोटेशनमधला ८५० चा आकडा एक पैसाही न बदलता दोनशे रुपये वाढले!

मग वजनं. पावसाळ्याच्या पुरवठ्याला ४० आणि दर्जाला १० केले, बाकी तसंच. भावाचे जुनेच गुण धरले तरी अ ६७.८, ब ८०.० आणि क ८०.९. म्हणजे चार महिन्यांपुरता कोल्हापुरात स्टॉक ठेवणारा क पुढे येतो, तोही अगदी केसभर. आता तक्ता खरं बोलतोय: बाकीच्या आठ महिन्यांत ब स्पष्ट पुढे आहे, पावसाळ्यात ब आणि क बरोबरीत आहेत, आणि अ कुठेच पहिला नाही.

वजनं थोडी हलवून नंबर बदलत नसेल तर निर्णय पक्का समजा. बदलत असेल तर दोन व्हेंडर लागतात. गुणांमधला एका टक्क्याचा फरक हा फरक नसतोच, कारण ३ द्यायचे की ४ हे शेवटी आपणच ठरवलेलं असतं.

शेवटी काय केलं

मालकांनी ब ला मुख्य ऑर्डर दिली. क कडून पावसाळ्यासाठी राखीव माल बोलून ठेवला, पण भाव पुन्हा बोलून. या वेळी बोलणं "दोन रुपये कमी करा" असं नव्हतं. दोघांच्याही पर्चेस ऑर्डरमध्ये एक वाक्य घातलं, ते तुम्हीही तसंच वापरा:

"वजन आमच्या गेटजवळच्या काट्यावरचं धरले जाईल. ठरलेल्या टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा आढळल्यास तेवढे वजन बिलातून कमी केले जाईल. नमुना गाडी उतरवण्यापूर्वी दोघांसमोर घेतला जाईल."

ब साठी ती मर्यादा अर्धा टक्का, क साठी ४ टक्के. हे वाक्य घातलं की पाण्याचे पैसे ज्याचं पाणी त्याच्याकडे जातात. वजन कमी केलं की व्हेंडरकडून क्रेडिट नोट घ्यायला विसरू नका, नाहीतर तुमच्या पुस्तकात एक आकडा आणि GSTR-2B मध्ये दुसरा राहतो.

आणि अ? त्याला नाही म्हटलं नाही. मालकांनी फोन लावला आणि म्हणाले, "तुमचा भाव चांगला आहे, पण मला कोरड्या टनावर सांगा." पलीकडे जरा शांतता. मग उत्तर आलं, "दोन दिवसांत कळवतो."

पोरानं वही मिटली आणि विचारलं, "सर, रेझीनची पण तीन कोटेशनं आलीत. त्याला जीएसटी अठरा टक्के आहे. तिथं पण असंच?"

तिथं ओलाव्याचा रकाना निघून जाईल आणि कराचा रकाना जड होईल, कारण क्रेडिट बुडालं तर पाच नाही, अठरा टक्के बुडतात. बाकी तक्ता हाच. पुढच्या व्हिडिओत तेच घेऊ. तोपर्यंत तुमच्या फायलीतली शेवटची तीन कोटेशनं काढा, आणि तिघांचा "एक" एकच आहे का, एवढं बघून ठेवा.